गाडी कंपनीची, पेट्रोल कंपनीचं, मग जीएसटीचं क्रेडिट का नाही? ब्लॉक्ड क्रेडिट पायरी-पायरीनं

दर महिन्याला 14 तारखेला टू-बी, म्हणजे सप्लायरांनी दाखवलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी, आली की माझ्या टेबलावर एक ठरलेला संवाद होतो. समोर कारखान्याचे मालक, त्यांच्या हातात नव्या गाडीचं बिल. "मॅडम, गाडी कंपनीच्या नावावर, पैसे कंपनीच्या खात्यातून, फिरतो आमचा सेल्समन. टू-बीमध्ये पण दिसतंय. मग क्रेडिट घ्यायला काय हरकत आहे?" त्यांचं म्हणणं बरोबर वाटतं, कारण त्यांनी सांगितलेल्या चारही गोष्टी खऱ्या असतात, फक्त त्यातल्या एकीनंही उत्तर बदलत नाही. म्हणून म्हटलं एकदा बसून नीट लिहून काढू, गाडी आणि जेवण या दोनच गोष्टी धरून, कारण चुका सगळ्यात जास्त तिथंच होतात.

आधी हे समजून घ्या की क्रेडिट म्हणजे खरेदीवर दिलेला जीएसटी आपल्याला भरायच्या जीएसटीतून वजा करून घेणं, आणि त्याला दोन दारं आहेत. पहिलं दार म्हणजे सीजीएसटी कायद्याचं कलम 16. तिथं विचारतात, खरेदी धंद्यासाठी आहे का, बिल आहे का, माल मिळाला का, सप्लायरनं रिटर्नमध्ये दाखवलं का. तुमची गाडी या दारातून आरामात आत जाते. दुसरं दार म्हणजे कलम 17(5), आणि या कलमाची सुरुवातच अशी आहे की 16 मध्ये काहीही म्हटलेलं असलं तरी पुढच्या गोष्टींवर क्रेडिट मिळणार नाही. म्हणजे धंद्यासाठीच वापरली हे तुम्ही लॉगबुक दाखवून, टोलच्या पावत्या दाखवून शंभर टक्के सिद्ध केलंत तरी उपयोग नाही, कारण दुसऱ्या दारावर तो प्रश्न कुणी विचारतच नाही. तिथं फक्त वस्तू कोणती आणि तुम्ही ती घेऊन पुढं काय विकता एवढंच बघतात.

असं का केलं असेल? जीएसटी हा वापरावरचा कर आहे, जो शेवटी वापरतो त्यानं तो सोसायचा, आणि मधल्या धंदेवाल्याला क्रेडिट एवढ्यासाठीच मिळतं की तो वापरत नाही, पुढं विकतो. स्टील घेतलं, पार्ट बनवला, विकला, इथं काही वाद नाही. पण सेल्समनची गाडी सोमवारी इचलकरंजीला ऑर्डर आणायला जाते आणि रविवारी त्याच गाडीतून घरचे ज्योतिबाला जातात. जेवण तर माणसाच्याच पोटात जातं, ते धंद्यासाठी जेवला की भूक लागली म्हणून जेवला हे कोण ठरवणार? प्रत्येक बिलावर हा वाद घालत बसण्यापेक्षा कायद्यानं तो अख्खा प्रकारच बंद केला, आणि ज्यांचा धंदाच गाडीचा किंवा जेवणाचा आहे त्यांच्यापुरती खिडकी उघडी ठेवली.

हे काही जीएसटीत नव्यानं आलेलं नाही. एक्साइज-सर्व्हिस टॅक्सच्या काळात कॅन्टीनच्या केटरिंगवर क्रेडिट मिळतं की नाही यावर खूप भांडणं झाली, 2010 मध्ये मुंबई हायकोर्टानं नागपूर विभागातल्या एका सिमेंट कंपनीच्या केसमध्ये सांगितलं की कारखाना कायद्यानं कॅन्टीन सक्तीचं असेल तर क्रेडिट मिळेल, मात्र कामगारांकडून वसूल केलेल्या भागावर नाही. पुढच्याच वर्षी, 1 एप्रिल 2011 पासून, सेनव्हॅटच्या, म्हणजे तेव्हाच्या क्रेडिटच्या, नियमांत व्याख्या बदलून गाडी, आउटडोअर केटरिंग, क्लब असल्या गोष्टी बाहेर काढल्या गेल्या. आजचं 17(5) त्याच वाटेवरचं आहे, आणि त्या जुन्या निकालातला विचार आज एका परंतुकाच्या रूपात परत आलाय, तो पुढं येईलच.

पहिली पायरी: बिल नाही, आरसी बघा

गाडीच्या बाबतीत लोक बिल बघतात, मॉडेल बघतात, किंमत बघतात. बघायचं आरसीवर, आणि त्यातही दोनच ओळी. एक, गाडीचा वर्ग, म्हणजे ती माणसं नेणारी आहे की माल नेणारी. दोन, सीटिंग कपॅसिटी. कायदा म्हणतो की माणसं नेणारी आणि ड्रायव्हर धरून 13 किंवा त्यापेक्षा कमी सीटची गाडी असेल तर क्रेडिट बंद. ड्रायव्हर धरून, हे विसरू नका. म्हणजे 13 सीटची गाडी बंद, 14 ची चालू. 17 सीटची मिनीबस घेऊन कामगारांची ने-आण केली तर तिच्यावरचं क्रेडिट या कलमानं अडत नाही. हा सीटचा नियम 1 फेब्रुवारी 2019 पासूनचा आहे, त्यामुळं त्याआधीचं जुनं प्रकरण काढलंत तर तेव्हाचे शब्द बघावे लागतील.

माल नेणारा पिकअप टेम्पो, ट्रक यांना हे कलम लागत नाही. फॅक्टरीच्या आत फिरणारी फोर्कलिफ्ट पण यात येत नाही. पण सेल्समनला घेतलेली मोटारसायकल येते, कारण तीही माणसं नेणारी मोटार गाडीच आहे आणि सीट दोन. इलेक्ट्रिक गाडी घेतली म्हणून वेगळं काही नाही, कर 5 टक्के असो की 40, सीट मोजायची.

आणि गाडी बंद झाली की तिच्या मागं तिचा इन्शुरन्स, सर्व्हिसिंग, रिपेअर हेही बंद. हे लोक हमखास विसरतात, गाडीचं क्रेडिट सोडतात आणि पुढं तीन वर्षं सर्व्हिसिंगच्या बिलावर घेत राहतात. माझ्याकडं एका नव्या पार्टीची टॅली आली तेव्हा 'व्हेइकल मेंटेनन्स' नावाचं एकच लेजर होतं, त्यात टेम्पोचे टायर आणि मालकांच्या गाडीचं डेंटिंग-पेंटिंग शेजारी शेजारी. सगळं आयटीसीत, म्हणजे क्रेडिटमध्ये. वेगळं करायला दोन दिवस लागले, कारण बिलांवर गाडीचा नंबरच नव्हता. तेव्हापासून मी प्रत्येक पार्टीला दोन लेजर करायला लावते, 'टेम्पो मेंटेनन्स' आणि 'कार मेंटेनन्स – आयटीसी नाही', आणि गॅरेजवाल्याला सांगायचं की बिलावर गाडी नंबर टाक.

पेट्रोल-डिझेलचा प्रश्न इथं येतच नाही, ते मुळात जीएसटीच्या बाहेर आहे.

दुसरी पायरी: तुम्ही तेच विकता का?

गाडी बंद यादीत आली तरी तीन खिडक्या उघड्या आहेत. तुम्ही त्याच गाड्या विकत असाल, प्रवासी वाहतूक करत असाल, किंवा ड्रायव्हिंग शिकवत असाल. डीलरनं शोरूमला ठेवलेल्या डेमो गाडीवरून बरीच वर्षं वाद होता, 10 सप्टेंबर 2024 च्या सर्क्युलरनं सांगितलं की डेमो गाडी विक्रीसाठीच वापरली जाते म्हणून क्रेडिट मिळेल. पण तोच डीलर स्टाफला फिरायला वेगळी गाडी देत असेल तर ती बंदच.

जेवणाचंही तसंच. खाणं-पिणं आणि आउटडोअर केटरिंग बंद, पण तुम्ही तेच पुढं विकत असाल किंवा एखाद्या करपात्र पॅकेजचा भाग म्हणून देत असाल तर चालू. समजा तुम्ही इव्हेंट करता, लग्नाचं सगळं पॅकेज एका रकमेत घेता, त्यात मंडप, डेकोरेशन, जेवण सगळं, आणि जेवणासाठी केटरर लावता. ते जेवण तुम्ही खात नाही, विकता. क्रेडिट मिळेल. मात्र तुमच्या स्टाफला त्याच केटररकडून दिलेला डबा वेगळा.

इथं एक गैरसमज आहे, तो मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. "5 टक्के विदाउट आयटीसी" असं केटररच्या दराबद्दल वाचून लोकांना वाटतं की म्हणून आपल्याला क्रेडिट नाही. ती अट केटररसाठी आहे, त्यानं त्याच्या भाजी-गॅसच्या खरेदीवर क्रेडिट घ्यायचं नाही. तुमचं क्रेडिट अडतं ते 17(5) मुळं. हे दोन वेगळे कुलूप आहेत. याचा फरक कुठं पडतो? हॉटेलच्या रूममध्ये पडतो. सेल्समन कोल्हापूरहून पुण्याला गेला, रात्री राहिला, कंपनीच्या जीएसटी नंबरवर बिल घेतलं, रूमवर 5 टक्के लागला. राहणं 17(5) च्या यादीत नाही, त्यामुळं रूमचं क्रेडिट मिळतं, त्याच बिलातल्या रात्रीच्या जेवणाचं नाही. म्हणून हॉटेलवाल्याला रूम आणि जेवण वेगळ्या ओळीत दाखवायला सांगा. आणि तो बेळगावला राहिला तर तिथला कर्नाटकचा एसजीएसटी लागतो, त्याचं क्रेडिट महाराष्ट्रातल्या नंबरला मिळतच नाही, ते कारण पुन्हा निराळं.

तिसरी पायरी: कायद्यानं द्यावंच लागतं का?

हे सगळ्यात कामाचं आणि सगळ्यात कमी वापरलेलं. 17(5) च्या (b) या भागात जेवण, केटरिंग, गाडी भाड्यानं घेणं, लाइफ आणि हेल्थ इन्शुरन्स, क्लबची मेंबरशिप, सुट्टीचा प्रवास या सगळ्या गोष्टी आहेत, आणि शेवटी परंतुक आहे की एखाद्या कायद्यानं मालकावर ते कर्मचाऱ्यांना देण्याची सक्ती असेल तर क्रेडिट मिळेल. हे परंतुक फक्त शेवटच्या ओळीला लागतं की सगळ्या (b) ला, यावर वाद होता, 6 जुलै 2022 च्या 172 नंबरच्या सर्क्युलरनं तो मिटवला, सगळ्याला लागतं.

आता कॅन्टीन. जुन्या कारखाना कायद्यात, 1948 च्या, कलम 46 प्रमाणं 250 पेक्षा जास्त कामगार असतील तर कॅन्टीन सक्तीचं होतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवी कामगार सुरक्षा संहिता लागू झाली आणि तिच्यात हा आकडा 100 वर आलाय, कंत्राटी कामगार धरून. म्हणजे 150 कामगारांचा जो कारखाना आजवर कॅन्टीनचं क्रेडिट सोडत होता त्यानं आता आपल्या कामगार सल्लागाराशी बसून सक्ती नेमकी कधीपासून आणि कुठल्या नियमानं लागते हे लेखी घ्यावं, आणि मगच क्रेडिट सुरू करावं.

समजा 400 कामगारांचा कारखाना. केटररचं महिन्याचं बिल 5,00,000, त्यावर 5 टक्के म्हणजे 25,000 जीएसटी. कामगारांच्या पगारातून कॅन्टीनचे 1,50,000 कापले जातात. मग मालकानं खरोखर सोसला तो खर्च 3,50,000. क्रेडिट त्याच भागावर घ्यायचं, 17,500. उरलेले 7,500 सोडायचे. 2010 च्या त्या निकालातला तर्क इथं जसाच्या तसा आहे, आणि अलीकडं ॲडव्हान्स रूलिंगमध्येही हाच धरला गेलाय.

आणि 60 कामगारांचा कारखाना असेल, मालक माया म्हणून दुपारचं जेवण देत असेल, तर क्रेडिट नाही. मला स्वतःला हे पटत नाही, जो सक्ती नसताना जेवू घालतो त्याला कर सोसावा लागतो आणि ज्याला सक्ती आहे त्याला क्रेडिट मिळतं. पण कायदा आज असा आहे. अपॉइंटमेंट लेटरमध्ये "जेवण मिळेल" असं लिहून सक्ती होत नाही, करार म्हणजे कायदा नव्हे. त्या लेटरचा उपयोग दुसरीकडं होतो, त्याच 172 नंबरच्या सर्क्युलरप्रमाणं नोकरीच्या कराराखाली दिलेल्या सुविधेवर मालकाला वर आणखी जीएसटी लावावा लागत नाही. कॅन्टीनसाठी घेतलेला फ्रीज, टेबलं, भांडी मात्र जेवण नव्हेत, ती या ओळीत येत नाहीत.

गाडीच्या बाबतीत तर एक गंमतशीर वाटणारी पण खरी गोष्ट आहे. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात असं आहे की महिला कर्मचारी तिच्या संमतीनं रात्री साडेनऊनंतर काम करत असेल तर तिच्या सुरक्षेची आणि ऑफिसपासून घराच्या दारापर्यंत सोडण्याची व्यवस्था मालकानं करायची. पुण्यातलं एखादं रात्रपाळीचं ऑफिस यासाठी भाड्यानं कॅब लावतं. गाडी भाड्यानं घेणं (b) मध्ये आहे, परंतुक (b) ला लागतं, त्यामुळं या कॅबच्या बिलावर क्रेडिट मिळतं. पण तेच ऑफिस म्हणालं की भाडं कशाला, आपलीच सात सीटची गाडी घेऊ, तर खरेदी त्याच कलमाच्या (a) या भागात जाते आणि (a) ला हे परंतुकच नाही. काम तेच, बायका त्याच, रस्ता तोच, भाड्यानं घेतली तर क्रेडिट आणि विकत घेतली तर नाही. गाडी घ्यायच्या आधी हा हिशोब मांडून बघा.

कॅबमध्ये अजून एक खड्डा आहे. तुम्ही प्रायव्हेट लिमिटेड असाल आणि कॅबवाला एकटा मालक किंवा पार्टनरशिप असेल, आणि त्यानं बिलात 18 टक्के लावलेला नसेल, तर 5 टक्के रिव्हर्स चार्जमध्ये तुम्हीच भरायचा, तोही रोख, क्रेडिटमधून नाही. कॅबचं बिल 40,000 असेल तर 2,000. बरेच जण म्हणतात की क्रेडिट मिळत नाही तर भरायचं कशाला. भरणं आणि क्रेडिट मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मार्केटिंगच्या माणसासाठी लावलेली कॅब असेल तर 2,000 भरायचे आणि सोडायचे, रात्रीच्या महिला कर्मचाऱ्यांसाठी असेल तर भरायचे आणि क्रेडिट घ्यायचं. म्हणून ट्रिप शीटवर कोण, किती वाजता, कुठं सोडलं हे असू द्या, उद्या विचारणा झाली तर तोच कागद उपयोगी पडतो.

चौथी पायरी: थ्री-बीमध्ये भरायचं कसं

थ्री-बी म्हणजे दर महिन्याचं जीएसटी रिटर्न. आता एक महिना आख्खा करून दाखवते. 60 कामगारांचं मशीन शॉप, कोल्हापूरच्या एमआयडीसीतलं, प्रायव्हेट लिमिटेड, ऑक्टोबर 2025. सगळी खरेदी महाराष्ट्रातली.

- स्टील 10,00,000, जीएसटी 1,80,000
- सेल्समनसाठी छोटी पेट्रोल कार 6,00,000, 18 टक्क्यांनी 1,08,000
- त्या कारचा इन्शुरन्स 25,000, जीएसटी 4,500
- पिकअप टेम्पोचं सर्व्हिसिंग आणि पार्ट 20,000, जीएसटी 3,600
- दुपारच्या जेवणाचा केटरर 80,000, 5 टक्के म्हणजे 4,000

टू-बीमध्ये एकूण 3,00,100 दिसतात. टू-बीला तुमची गाडी कार आहे की टेम्पो हे कळत नाही, म्हणून तिथं 'आयटीसी अव्हेलेबल' खाली दिसलं याचा अर्थ ते तुमचं झालं असा नाही. स्टील मिळणार, टेम्पो मिळणार, म्हणजे 1,83,600. कार, तिचा इन्शुरन्स आणि जेवण बंद, म्हणजे 1,16,500.

जुनी सवय अशी की वर फक्त 1,83,600 टाकायचे आणि बाकीचं सोडून द्यायचं. 6 जुलै 2022 च्या 170 नंबरच्या सर्क्युलरनंतर ती पद्धत चुकीची आहे. आधी सगळं `4(A)(5)` ला घ्यायचं, मग बंद असलेलं `4(B)(1)` ला उलटवायचं, उरतं ते `4(C)`. सीजीएसटी आणि एसजीएसटी निम्मे निम्मे, प्रत्येकी असं भरायचं:

```
4(A)(5)   1,50,050
4(B)(1)     58,250
4(C)        91,800
```

इथं `4(B)(1)` आणि `4(B)(2)` यात गल्लत करू नका. (1) म्हणजे कायमचं सोडलेलं, (2) म्हणजे सध्या उलटवलंय, पुढं परत घेणार. गाडीचा कर चुकून (2) मध्ये टाकला तर पोर्टलवरच्या रिव्हर्सल-रीक्लेम स्टेटमेंटमध्ये तो "परत घेता येण्याजोगा" म्हणून साठत राहतो, आणि सहा महिन्यांनी नवीन आलेला अकाउंटंट तो शिल्लक आकडा बघून प्रामाणिकपणे परत घेऊन टाकतो. हे मी होताना बघितलंय. तसंच `4(D)(2)` मध्येही टाकू नका, ती जागा मुदत संपलेल्या आणि परराज्यातल्या, म्हणजे त्या बेळगावच्या हॉटेलसारख्या करासाठी आहे. वर्षाच्या शेवटी GSTR-9 मध्ये हीच रक्कम `7E` ला येते, महिन्याला नीट भरलं असेल तर तिथं शोधाशोध करावी लागत नाही.

आयएमएसमध्ये, म्हणजे पोर्टलवर आलेली बिलं स्वीकारायच्या-नाकारायच्या जागी, कारचं बिल रिजेक्ट करायचं का, हे पण विचारतात. नाही. बिल खरं आहे, गाडी तुम्ही घेतलीय. रिजेक्ट हे तुमचं नसलेल्या किंवा चुकीच्या बिलासाठी. ॲक्सेप्ट करा आणि थ्री-बीमध्ये उलटवा.

पाचवी पायरी: सोडलेला कर वह्यांमध्ये कुठं जातो

क्रेडिट गेलं म्हणजे पैसे वाया गेले असं नाही. जेवणाचे 4,000 स्टाफ वेल्फेअरच्या खर्चातच धरा, म्हणजे 84,000 खर्च. इन्शुरन्स 29,500. कारची किंमत मात्र 7,08,000 धरायची आणि घसारा त्याच्यावर घ्यायचा. इन्कम टॅक्समध्ये कारला 15 टक्के, पण ऑक्टोबरच्या मध्यावर घेतली म्हणजे वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापर, म्हणून पहिल्या वर्षी निम्मा, साडेसात टक्के, 53,100 रुपये. रजिस्ट्रेशन वगैरेचे पैसे यात मिळवायचे असतात, ते सोप्यासाठी सोडलेत.

जे करायचं नाही ते हे, की जीएसटीत क्रेडिट पण घ्यायचं आणि त्याच करावर घसारा पण काढायचा. कलम 16(3) तेच अडवतं, आणि ते 17(5) मध्ये नसलेल्या मशिनरीला सुद्धा लागू आहे.

चुकून घेतलं असेल तर

एका पार्टीनं असंच कारचं 1,08,000 चं क्रेडिट घेऊन वापरूनही टाकलं होतं. माझ्याकडं फाइल आली तोपर्यंत 14 महिने झाले होते. मालक घाबरले, म्हणाले आता नोटीस येईपर्यंत थांबू, कदाचित येणारही नाही. मी सांगितलं, थांबू नका. पहिल्यांदा क्रेडिट लेजर काढला आणि एकच गोष्ट बघितली, क्रेडिट घेतल्यापासून शिल्लक कधी 1,08,000 च्या खाली गेली का? नियम 88बी प्रमाणं व्याज लागतं ते चुकीचं क्रेडिट घेऊन वापरलं तर, आणि वापरलं असं तेव्हा मानतात जेव्हा शिल्लक त्या रकमेच्या खाली येते. जेवढी खाली गेली तेवढंच वापरलं. कुणाची शिल्लक कायम पाच लाखांच्या वर राहिली असेल तर नुसतं उलटवलं की झालं, व्याज नाही.

यांची शिल्लक त्याच महिन्यात शून्याजवळ गेली होती. म्हणून 18 टक्क्यांनी 14 महिन्यांचं व्याज, 22,680 रुपये. कर उलटवला, व्याज रोख भरलं, स्वतःहून भरल्याचा DRC-03 फॉर्म केला, त्यात नेमकं कुठलं बिल आणि कुठल्या महिन्याचं हे लिहिलं. फसवणुकीचा हेतू नसेल आणि नोटीस यायच्या आधी कर आणि व्याज स्वतःहून भरलं तर दंड लागत नाही. थांबलो असतो तर व्याजाचे महिने वाढले असते, शिवाय पुढं दंडाचा प्रश्न उभा राहिला असता.

उलट बाजूची चूक पण पैशाचीच असते. काही जण घाबरून टेम्पोचं, 17 सीटच्या बसचं, कामगारांच्या सेफ्टी शूजचं, हॉटेलच्या रूमचं क्रेडिट पण सोडून देतात. ते घ्यायला मुदत आहे, आर्थिक वर्ष संपल्यावर येणारा 30 नोव्हेंबर किंवा त्या वर्षाचं वार्षिक रिटर्न भरलं ती तारीख, जे आधी असेल ते. म्हणून मी सप्टेंबरमध्येच मागच्या वर्षाची `4(B)(1)` ची यादी काढून बिलं पुन्हा एकदा बघते.

दिवाळीची मिठाई आणि भेटवस्तू लवकर सांगून टाकते. मिठाई म्हणजे खाणं, (b) खाली बंद. स्टाफला दिलेले मिक्सर, डीलरला दिलेली घड्याळं म्हणजे गिफ्ट, (h) खाली बंद.

गाडी विकताना

शेवटची गोष्ट चार-पाच वर्षांनी लागते, पण तिची तयारी आजच होते. जुनी कार विकताना, तुम्ही तिच्यावर क्रेडिट घेतलेलं नसेल तर जीएसटी पूर्ण किमतीवर नाही, फक्त मार्जिनवर लागतो, दर जानेवारी 2025 पासून 18 टक्के. घसारा घेतला असेल तर मार्जिन म्हणजे विक्री किंमत वजा इन्कम टॅक्सप्रमाणं उरलेली किंमत. समजा आपली कार 4,00,000 ला विकली आणि तेव्हा इन्कम टॅक्सप्रमाणं किंमत 4,30,000 उरलीय, तर मार्जिन उणे, कर शून्य. 4,50,000 ला विकली असती तर 20,000 वर 18 टक्के, 3,600. आणि हेच जर सुरुवातीला क्रेडिट घेऊन ठेवलं असतं तर ही सवलत मिळालीच नसती, कर आख्ख्या 4,00,000 वर बसला असता. म्हणून कार घेतलेल्या महिन्याच्या थ्री-बीची प्रिंट, ज्यात `4(B)(1)` ला तो आकडा दिसतो, ती गाडीच्या आरसीच्या झेरॉक्ससोबत एकाच फाइलला लावून ठेवा, विकायच्या दिवशी हाच कागद लागतो.